दहावी ब, हजर

दहावीच्या वर्गाचा मेळावा, म्हणजे आधी चहा-नाष्टा, मग सरांचे सत्कार, आणि मग जुन्या वर्गात, जुन्याच बाकांवर बसून रोल नंबरनं हजेरी. ज्या कुणाच्या सुपीक डोक्यातनं हे निघालं, त्या डोक्यावर केस असणार. बिनकेसाचा माणूस असलं काही सुचवत नाही.

जुना बाक! बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच लोखंडी सांगाड्याला ठोकलेली. मधली जागा ना वाढायची, ना कमी व्हायची. १९९३ साली तेवढ्यात मी, माझं दप्तर आणि चोरून आणलेल्या चिंचा असं सगळं मावायचं. आता आत गेलोच, तर बाहेर कोण काढणार? सुतार बोलवायचा का बंबवाले?

तशी माझी कंबर अजून चौतीसच आहे. पट्टा पोटाच्या खालनं बांधला की चौतीसच भरते. पण परवा डॉक्टरनं टेप बेंबीच्या पातळीला फिरवली आणि ११२ सेंटिमीटर असं मोठ्यांदा वाचलं. आपल्याकडच्या पुरुषांनी नव्वदच्या आत राहावं म्हणे. मी म्हटलं, "श्वास सोडलेला होता हो मी." तर म्हणतो, "श्वास सोडूनच मोजायचं असतं." म्हणजे इतकी वर्षं पोट आत ओढून फोटो काढले, ते सगळं पाण्यात.

पंधरा दिवस आहेत हातात. हिशेब करून बघू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोजच्या पाचशे कापायच्या, म्हणजे दोन चपात्या, वाटीभर भात आणि दुपारचे दोन कंदी पेढे बंद. साताऱ्यात राहून पेढे बंद! बरं, तेही केलं. पंधरा दिवसांत झाल्या साडेसात हजार. म्हणजे एवढा संन्यास घेऊन १०२ किलोचा मी होणार १०१. वजन कुठलं, आहेराचा आकडा झाला तो!

नुसतं पाणी पिऊन राहिलं तर दोन-तीन किलो झटकन उतरतात खरे. पण ते बहुतेक अंगातलं पाणीच. जेवलो की परत हजर. वर आणि असल्या कडक उपासानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात म्हणे. पोट कमी करावं तर केस जातात! माझे जायला उरलेत किती, ते सोडा.

परवा अजिंक्यताऱ्यावर निघालो होतो. शाळेत असताना पहाटे धावत मंगळाईच्या देवळापर्यंत जायचो. परवा चार भिंतीपाशीच बसलो, आणि शहर बघायलाच आलोय असा चेहरा केला. दोन म्हाताऱ्या काठ्या टेकत वर निघाल्या होत्या. "बसा बसा, घाई न्हाई," म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा पुढं.

केसांचंही विचारून झालं. लावायचं औषध आहे, पण फरक दिसायला तीन-चार महिने, आणि सुरुवातीला उलट जास्त गळतात. मागचे केस काढून पुढं रोवतात, तेही एकदा गळून पडतात आणि मग नव्यानं उगवतात. पुरतं दिसायला वर्ष जातं. आपली ऊस-लागण तरी वर्षात कारखान्याला जाते. डोक्याच्या मागच्या केसांना टक्कल पाडणाऱ्या हार्मोनचा त्रास होत नाही, म्हणून ते टिकतात, असं डॉक्टर म्हणाला. मग सगळ्यांच्या पुढं पाठमोरं उभं राहू काय? पाठमोरा मी अजून दहावी ब आहे.

डाव्या कानावरचे केस वाढवून उजव्या कानापर्यंत नेतो, ते घरात ठीक दिसतं. पण यवतेश्वराकडनं वारा सुटला की सगळे केस डाव्या खांद्यावर येऊन बसतात. टोप घालावा, तर पीटीचे सर येणार आहेत. तेव्हा मी संजय दत्तसारखे केस वाढवले होते, तर सरांनी शेंडा धरून मला मैदानाला फेरी मारायला लावली होती. सरांची नजर अधू झालीय म्हणतात. हात मात्र शाबूत असतील. जुन्या मायेनं त्यांनी शेंडा धरला, तर टोप सरांच्या हातात आणि मी सत्काराच्या टेबलाखाली.

ही म्हणते, "अहो, एवढं काय, जाऊन या की. तुम्हाला कोण ओळखणारंय?" दिलासा दिला का टोमणा मारला, कळलं नाही. पण त्यात एक वाट दिसते. ओळखणारच नाहीत, तर मीच मी आहे हे कशाला सांगा? दारात हात जोडून म्हणायचं, "मी त्याचा थोरला भाऊ. त्याला सुट्टी नाही मिळाली, म्हणून मला पाठवलं." शेवटच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसायचं, जेवायचं, आणि धाकट्याच्या नावानं आलेली भेटवस्तू घेऊन घरी यायचं.

अडचण एकच. थोरला दोनदा नापास होऊन आमच्याच वर्गात आला होता. त्यालाही आमंत्रण आहे, आणि तो सांगलीहून येतोय. केसांसकट.