पोळ्याच्या दिवशी सुटका

राजीनामा मंजूर झाल्याची पत्रं लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात बसून मी माणसांना लेखी निरोप देत असे. या पत्राचा पहिला परिच्छेद कायम तोच: आपल्या निर्णयाचा आम्हाला खेद वाटतो. पगारवाढ मागायला गेल्यावर ज्याला ‘तुमच्यासारखे छप्पन्न मिळतील’ असं ऐकवलेलं असतं, त्याच्याच योगदानाची इथे भरभरून दखल घेतलेली असते. हा परिच्छेद मीच लिहीत असल्यामुळे हक्काने सांगतो, तो वाचू नये. वाचायच्या जागा दोनच. एक, शेवटच्या दिवसाची तारीख. दुसरी, चार्ज देण्याची अट.

माझ्या मेहुण्याने नेमका पहिला परिच्छेद वाचला आणि गहिवरून मला फोन केला. “भाऊजी, किती छान लिहिलंय हो!”

“तारीख काय लिहिलीय?”

“चार सप्टेंबर.”

“आणि नवीन ठिकाणी कधी हजर व्हायचंय?”

“दोन सप्टेंबर.” एवढं बोलून तो गप्प झाला. गहिवर ओसरला असावा.

त्याने राजीनामा दिला होता सोमवारी, 3 जून 2024 ला. साहेबांनी तो चार दिवस उशाखाली ठेवला आणि 7 जूनला मंजूर केला. आता गंमत बघा. कंपनीच्या संगणकाने 3 जूनपासून नोटिशीचे नव्वद दिवस मोजले, ते संपले 31 ऑगस्टला. साहेबांनी मंजुरीच्या तारखेपासून नव्वद मोजले, ते गेले 4 सप्टेंबरला आणि तीच तारीख पत्रात उमटली. मी मेहुण्याला मूळ नेमणूकपत्र काढायला लावलं. त्यात नव्वद दिवस हा शब्दच नव्हता, होते ‘तीन महिने’. ते 2 सप्टेंबरला पुरे होतात. जून तीस दिवसांचा, जुलै आणि ऑगस्ट एकतीसचे, म्हणून हा फरक. बघता बघता एका माणसाचे तीन शेवटचे दिवस तयार झाले.

अशा वेळी पंचांग म्हणजे नेमणूकपत्र. त्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर मुदत राजीनामा हातात दिल्यापासून धरायची. साहेबांना सही करायला कधी सवड झाली यावर ती अवलंबून नसते. म्हणूनच राजीनामा ईमेलने द्यावा, तारीख आपोआप पडते. शनिवार-रविवार मुदतीत धरले जातात. मधे रजा घेतली तर मात्र बऱ्याच ठिकाणी मुदत तितकीच पुढे सरकते, आणि शिल्लक रजा मुदतीतून वळती होईल हे पत्रात लिहिलं नसेल तर ती होणार नाही असंच समजावं.

मेहुण्याने नेमणूकपत्रातलं कलम जोडून ईमेल केला. तारीख बदलून 2 सप्टेंबर झाली, नव्या कंपनीने हजर व्हायची तारीख एक दिवस पुढे ढकलली. 2 सप्टेंबरला पोळा होता. बैलाच्या मानेवरचं जू त्या दिवशी उतरवतात, मेहुण्याचंही उतरलं.

पण उतरण्याआधी दुसरी अट आडवी आली: ‘चार्ज समाधानकारकरीत्या दिल्यानंतरच कार्यमुक्त करण्यात येईल.’ समाधान कुणाचं, ते पत्र सांगत नाही. आणि चार्ज कुणाला? ‘साहेब नेमतील त्या व्यक्तीला.’ साहेब अडीच महिने कुणालाच नेमत नाहीत. तोवर मेहुणा रिकाम्या खुर्चीला चार्ज देणार कसा?

तो पुरवठादारांची बिलं बघायचा. त्याच्या यादीत ‘बिलांची तपासणी’ एवढीच एक ओळ होती. मी म्हटलं, “अरे, हे शिपायालाही ठाऊक आहे. तुझ्या डोक्यात जे आहे ते लिही.” मग बाहेर पडलं, की एका पुरवठादाराची नोंदणी महाराष्ट्रात आणि गुजरातेत, अशी दोन्हीकडे आहे, बिल चुकीच्या जीएसटी क्रमांकावर चढवलं की महिनाअखेरीला ताळा जुळत नाही. हे फक्त मेहुण्याला माहीत. तेवढ्या एका ओळीसाठी त्याला गेल्यावरही वर्षभर फोन आले असते. चार्जची यादी अशा ओळींची असावी: प्रत्येकीपुढे काम कुठवर आलंय, कागद कुठे आहे आणि शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याची सही. तो रकाना रिकामा राहिला की फायनल हिशेब हमखास अडकतो. मेहुण्याने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ईमेलवर नाव मागितलं, साहेबांना प्रत, एच.आर.ला प्रत. तिसऱ्या ईमेलनंतर एक बिचारा पोरगा नेमला गेला.

एक ध्यानात घ्या. राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र म्हणजे कार्यमुक्तीचं पत्र नव्हे. पहिलं सांगतं की तुम्ही जाणार आहात, दुसरं सांगतं की तुम्ही गेलात, आणि नवी कंपनी मागते ते दुसरं. तेव्हा तारीख चुकली असेल तर दुरुस्त पत्र लेखी मागा. साहेब तोंडी ‘होऊन जाईल हो’ म्हणाले आणि झालं, असं माझ्या अख्ख्या नोकरीत एकदाही घडलेलं नाही.