परदेशस्थ थोरल्या दादांस अनावृत पत्र

ती. दादा,
सा. न. वि. वि.

कोथरूडचा फ्लॅट विकायचा ठरला आणि तुम्ही एडिसनहून तातडीने ‘पॉवर’ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीत. वर ‘डन’ असा शेराही मारलात. आपली कार्यतत्परता पाहून ऊर भरून आला. दुय्यम निबंधक मात्र निष्ठुर निघाले. ते म्हणाले, मूळ कागद कुठे आहे?

पॉवर कोण देऊ शकतो, हे आधी सांगतो. पासपोर्ट निळा आहे की आणखी कुठल्या रंगाचा, याला इथे महत्त्व नाही. अमेरिकन नागरिक झालेला दादाही पॉवर देऊ शकतो. फक्त तो सज्ञान, शुद्धीवर आणि मुख्य म्हणजे मालक असला पाहिजे. खरेदीखतात तुमच्यासोबत वहिनींचं नाव आहे, हे तुम्ही सोयीस्करपणे विसरलात. ‘तिची सही मीच मारतो’ हे घरच्या क्रेडिट कार्डाला चालत असेल. इथे दोघांनी स्वतः सही करावी लागते.

सही कुणासमोर करायची, हे १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्ये लिहिलं आहे. भारताबाहेर राहणाऱ्याने नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट किंवा भारतीय वाणिज्य दूत यांच्यासमोर सही करायची आणि त्यांनी ती प्रमाणित करायची. ‘समोर’ या शब्दावर सगळं अडतं. जेवणाच्या टेबलावर सही ठोकून कागद नोटरीकडे नेऊ नका. आणि तुमच्या पहिल्या कागदासारखं ‘ही मूळ कागदाची खरी प्रत आहे’ एवढंच लिहून घेऊन येऊ नका. प्रत खरी आहे, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. ‘ही व्यक्ती माझ्यासमोर आली, ओळख पटली, तिने सही केली’ असा दाखला हवा.

आता पुण्यातल्या कारकुनाने न्यू जर्सीच्या नोटरीचा शिक्का ओळखायचा तरी कसा? त्यासाठी अपोस्टिल आहे. अमेरिकेसारखाच भारतही २००५ पासून अपोस्टिलच्या हेग करारात आहे. नोटरी ज्या राज्याचा, त्याच राज्याकडून अपोस्टिल घ्यायचं. नोटरी न्यू जर्सीचा आणि अपोस्टिल ऑफिसजवळ पडतं म्हणून न्यूयॉर्कचं, असा काटकसरी बेत करू नका. अपोस्टिलवर क्रमांक आणि तारीख असते, आणि अनेक राज्यांच्या संकेतस्थळावर तो क्रमांक तपासता येतो. त्यावरून नोटरीची सही खरी आहे, एवढंच कळतं. मजकूर बरोबर आहे की नाही, हे तो कागद सांगत नाही. दुबईच्या मावसभावाला हा मार्ग बंद आहे, कारण अमिराती त्या करारात नाहीत. त्याने सरळ भारतीय वाणिज्य दूतावासाच्या खिडकीशी उभं राहावं.

कागद इथे पोचला की मुद्रांकाची पाळी. परदेशात झालेल्या दस्तावर, तो महाराष्ट्रात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं असतं. म्हणून कुरिअरचा लिफाफा आईने रद्दीत घालू नये, अशी मी तिला तंबी दिली आहे. त्यावरची तारीख हाच आपला पुरावा. मूळ पॉवर, पासपोर्टची प्रत आणि तो लिफाफा घेऊन मी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईन.

आणि कृपा करून विक्रीची पॉवर तुमच्या जिवलग मित्राच्या नावाने देऊ नका. सख्ख्या भावाला मोबदला न घेता विकण्याचे अधिकार दिले तर शुल्क ५०० रुपये. मित्राला दिले तर तीच पॉवर खरेदीखताच्या दराने मोजली जाते. ९० लाखांच्या फ्लॅटवर नुसत्या पाच टक्क्यांचे साडेचार लाख होतात, अधिभार वेगळा. उशीर झाला तर कमी भरलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के दंड, म्हणजे ९ हजार. मैत्री अमोल असते म्हणतात, पण मुद्रांक विभागाने तिची किंमत लावून ठेवली आहे. मित्राकडून फक्त निबंधकासमोर कबुली देण्याचं काम करून घ्यायचं असेल, तर तेवढ्यापुरती वेगळी पॉवर ५०० रुपयांत होते.

मजकुरातही मेहेरबानी करा. ‘माझी सर्व कामे पाहणे’ असं भव्य वाक्य लिहिलंत, पण त्यात ना फ्लॅट क्रमांक, ना सिटी सर्व्हे क्रमांक. विकणे, पैसे स्वीकारणे, दस्तावर सही करणे, निबंधकासमोर कबुली देणे, हे एकेक अधिकार वेगळे लिहा. तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच येऊ द्या. सोसायटीच्या दाखल्यावर ‘बंडू’ असेल, तर तो प्रश्न आधी मिटवा.

शेवटचं. दस्ताच्या दिवशी मला एक घोषणापत्र द्यावं लागतं, की कुलमुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेलं नाही. तुमच्या मृत्यूबरोबर माझा अधिकारही संपतो. त्यामुळे त्या दिवशी अकराच्या सुमारास फोन करीन. तुमच्याकडे रात्रीचा दीड वाजला असेल. उचला, ‘आहे’ म्हणा, आणि झोपा.

आपला धाकटा बंधू व भावी कुलमुखत्यार,
मुक्काम पुणे