पहिली की दुसरी?

श्रुतलेखनाला दहा गुण. चुकीला अर्धा गुण वजा. हिशेब इतका सोपा आहे, की त्यासाठी मराठी यावी लागत नाही. बेरीज-वजाबाकी पुरते.

बाई वाचतात, मुले ऐकतात आणि लिहितात, असे आपण समजतो. पण ऐकतात काय? 'परीक्षा' आणि 'परिक्षा' मोठ्याने म्हणून दाखवा पाहू. शेजारी बसलेल्याला फरक कळला, तर तुम्ही नाटकात काम करता. बाकीच्यांच्या तोंडी वेलांटीचा लांब-आखूडपणा शब्दातल्या जागेवर आणि बोलण्याच्या ओघावर ठरतो. जो फरक तोंडातून निघत नाही, तो मुलाच्या कानात शिरणार कसा?

काही बाई दयाळू असतात. त्या 'गरीऽऽब' असे ताणून सांगतात. मग सगळा वर्ग दुसरी वेलांटी काढतो.

परीक्षा बाईंच्या घशाची झाली.

आता वही उघडू. समजा, सांगितली ती वाक्ये अशी: 'सुनेने फुले वेचली. वकिलांनी गरिबांना मदत केली. परीक्षेच्या काळात मुलींनी शरीराची काळजी घ्यावी.' आणि वहीत उतरले ते असे: 'सूनेने फूले वेचली. वकीलानी गरीबाना मदत केली. परिक्षेच्या काळात मुलीनी शरिराची काळजी घ्यावी.'

लाल गोल मोजा. नऊ. साडेचार गुण गेले, साडेपाच उरले. शेजारच्या तुकडीतले सर मात्र एका शब्दाला एकच चूक धरतात. त्यांच्याकडे चुकलेले शब्द सात, म्हणजे साडेसहा गुण. मूल तेच, वही तीच, भिंत ओलांडली की एक गुण जास्त.

आणि शेरा दोन्हीकडे एकच: 'सराव करावा.' कशाचा?

नऊ गोलांच्या मागे रोग तीनच आहेत. पहिला 'सूनेने, फूले, वकीलानी, गरीबाना' या चौघांचा. सून, फूल, वकील, गरीब हे शब्द पोराने नीट पाठ केलेले आहेत. त्याला ठाऊक नाही ते पुढचे. शब्दाला प्रत्यय लागला किंवा त्याचे अनेकवचन झाले, की मराठी शब्दातली ही दीर्घ वेलांटी, हा दीर्घ उकार ऱ्हस्व होतो. सून पण सुनेला, फूल पण फुलाला, वकील पण वकिलाला. म्हणजे चुका चार, पण अडाणीपणा एकच. त्याचे दोन गुण कापले.

यावर शाळेचे औषध काय? 'गरीब' दहा वेळा लिही. जो शब्द त्याला आधीच येतो, तो दहा वेळा! त्यापेक्षा सून–सुनेला, जीभ–जिभेला, नागपूर–नागपुरात अशा जोड्या लिहायला लावा. रोग शब्दात नाही, शब्द वळतो त्या वळणावर आहे.

दुसरा रोग टिंबाचा. 'वकीलानी, गरीबाना, मुलीनी'. बारकाईने पाहा, तिन्ही ठिकाणी पुढचे अक्षर 'न' आहे. 'न' स्वतःच नाकातला. त्याच्या मागचा स्वर आपोआप थोडा नाकात जातो, त्यामुळे टिंब दिले काय आणि न दिले काय, कानाला सारखेच. हेच मूल 'मुलींचा' लिहिताना टिंब विसरत नाही, कारण तिथे 'न्' ठणठणीत ऐकू येतो.

थोडक्यात, कान शाबूत आहे. व्याकरण हरवले आहे.

'मुलींनी'वरचे टिंब कानाने द्यायचेच नसते, अनेकवचन ओळखून द्यायचे असते. त्याला फक्त विचारा, 'मुलगी एक की पुष्कळ?' पुष्कळ म्हणाला की टिंब. आणि हो, आदरालाही टिंबच. 'बाबांनी सांगितले' यात बाबा एकच असले तरी टिंब हवे. 'बाबानी' लिहिणाऱ्या मुलाला वाटते एक टिंब राहिले. बाबांना कळले तर?

बाबांनाही कळत नाही. निवांत राहा.

आजोबांना मात्र वेगळीच तक्रार. ते 'कांहीं', 'पांच', 'घरांत' अशी टिंबांची पखरण करत शिकले. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम 1962 मध्ये सरकारने मान्य केले, 1972 मध्ये आणखी चार आले, आणि उच्चारात नसलेली ती टिंबे झडली. आजोबांचे सुवाच्य पोस्टकार्ड आज तपासायला दिले, तर नापास.

तिसरा रोग सर्वांत मजेशीर. 'परिक्षेच्या' आणि 'शरिराची'. 'किडा', 'महिना', 'सुरू' या शब्दांत शेवटचे अक्षर दीर्घ, म्हणून त्याच्या आधीचे ऱ्हस्व. पोराने तोच नियम 'परीक्षा'ला लावला. गरीब–गरिबाची हा नियम 'शरीर'ला लावला. नियम बरोबर, शब्द चुकला. कारण हे दोन्ही शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, आणि अशा शब्दांतली दीर्घ वेलांटी जागची हलत नाही.

पाहा गंमत. 'गरीब'ची वेलांटी आखूड करायची, ती त्याने लांबच ठेवली. 'शरीर'ची लांब ठेवायची, ती त्याने आखूड केली. दहा वर्षांच्या मुलाने कोणता शब्द संस्कृत हे ओळखायचे कशावरून? शब्दाच्या कपाळावर गोत्र लिहिलेले नसते. हे ओळखायची युक्ती नाही. शब्द पाहून पाहूनच डोळ्यांत बसतात, म्हणून इथे, आणि इथेच, पाठांतर चालते. त्यातही परीक्षेच्या हंगामात गावभर 'परिक्षा'चे फलक लागतात. डोळ्यांत बसायचे ते तेच बसते.

आता हस्ताक्षर. काही मुले मुरलेली असतात. टिंब नेमके दोन अक्षरांच्या मधोमध, शिरोरेघेच्या वर तरंगत ठेवतात. घ्या, हवे तिथे लावून! उकाराचे शेपूट असे वळवतात, की पहिलाही तोच आणि दुसराही तोच. 'रु' आणि 'रू' तर हाताने लिहिताना भल्याभल्यांचे सारखेच निघतात.

संशयाचा फायदा द्यायचा का? आधी पान उलटा. त्याच वहीत 'रुपया' आणि 'रूप' शोधा. दोन्हींतला उकार वेगळा असेल, तर पोराला फरक माहीत आहे, इथे हात घसरला. सगळीकडे एकच मधले शेपूट असेल, तर तो घसरलेला नाही, लपलेला आहे. टिंबाचेही तसेच. अक्षरे, टिंब आणि मग शेवटी शिरोरेघ, या क्रमाने लिहिणाऱ्याचे टिंब रेघेखाली बुडते. शिरोरेघ आधी ओढायला सांगा, निम्म्या 'चुका' वर येतील.

म्हणून गुरुजी, गुण खुशाल कापा. पण गोलांशेजारी तीन अक्षरे लिहा: सामान्यरूपाच्या चुकीला 'सा', अनेकवचनाच्या टिंबाला 'अ', संस्कृत शब्दाला 'सं'. एका रोगाचा दंड एकदाच घ्या. आपल्या पोराचे मग नवाचे तीन होतात, साडेपाचचे साडेआठ. गुण फार वाटत असतील, तर रोगाला एक गुण कापा, सात द्या. पण पुढच्या आठवड्यात त्याला काय शिकवायचे, ते तुमच्या हाती राहते.

आणि खाली शेरा लिहाल तेव्हा 'शुद्धलेखन' या शब्दात आधी अर्धा 'द', मग 'ध'. उलट लिहिलेले फार दिसते. लाल शाईत.