साधे वाक्य बिघडवण्याचे पाच धडे

तुमचे लिखाण वाचणाऱ्याला लगेच कळते, हे तुमचे दुःख आम्ही जाणतो. धीर सोडू नका. समानार्थी शब्दांचा कोश उघडा आणि सरावाला रावेरकडचे हे निरुपद्रवी वाक्य घ्या: ‘शेतकऱ्याने केळीला पाणी दिले, घड कापले, पण भाव पडला.’

१. केळीपासून सुरुवात करा. अमरकोशात कदली, रंभा, मोचा, वारणबुसा अशी नावे सापडतील. ‘रंभा’ घ्या. त्या नावाची अप्सराही आहे, पण तो इंद्राचा प्रश्न. अमरकोश पद्यात आहे, आणि वृत्त जुळवणाऱ्या कवीला कमी-जास्त अक्षरांचे पर्याय लागतातच. तुम्ही गद्य लिहिताय, ही बाब मनावर घेऊ नका.

२. पाण्याचे ‘उदक’ करा. ‘पाणी देणे’ ही ठरलेली जोडी आहे, ती फोडली की सिंचनाचे तर्पण होते. कोणी हळूच विचारले, ‘कोण गेलं?’, तर चेहरा गंभीर ठेवा.

३. क्रियापद बदला. घड कापतात, भाजी चिरतात, फांदी छाटतात, धुळ्याकडचा कापूस वेचतात. कोणती क्रिया कोणाला चालते हे कोशाच्या रांगेतून कळत नाही, म्हणून बिनधास्त ‘चिरले’ लिहा. घडाचाही ‘गुच्छ’ करून टाका.

४. ‘भाव’ हा तुमचा हुकमी शब्द. त्याचा अर्थ दरही होतो आणि भावनाही. संदर्भ न पाहता ‘भावना’ उचला.

५. शेतकऱ्याला ‘कृषीवल’ म्हणा. बांधावर या नावाने हाक मारली तर तो वळून पाहणार नाही, पण कागदावर कुठे पळेल?

झाले! ‘कृषीवलाने रंभेला उदक दिले, गुच्छ चिरले, परंतु भावना पडली.’

आता एक धोका. कधीकधी कोश खरोखर उपयोगी पडतो. भरिताच्या वर्णनात ‘चांगले’ चारदा आले म्हणून तुम्ही कोश उघडता. तिथे चविष्ट, रुचकर, खमंग, झणझणीत असे शब्द दिसतात. वांगे काड्यांवर भाजलेले आणि वर लसणाची फोडणी, म्हणून तुम्ही ‘खमंग’ निवडता. मिरची तिखट असेल तरच ‘झणझणीत’ घेता. ‘खमंग भरीत’ कोणाच्या तोंडून ऐकले आहे का, हे आठवून पाहता. अनोळखी शब्दाचा नेमका अर्थ दुसऱ्या शब्दकोशात तपासता. आणि ‘केळी’ पुन्हा आली तर पुन्हा ‘केळी’च लिहिता. ही सवय लागली की लिखाण सुधारते आणि आमचा वर्ग बंद पडतो.

शेवटची परीक्षा: तयार वाक्य केळीच्या व्यापाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. त्याने काळजीने ‘भाऊ, भावना कुठं पडली? लागलं का तिला?’ असे विचारले, की तुम्ही उत्तीर्ण.