सात दिवसांत ट्रॅक्टर कोण घेतं?

"जाहिरातीवर महिनाभर पैसे घातले, एक ट्रॅक्टर गेला नाही. बंद करा!" सोलापूर जिल्ह्यातल्या शोरूमवाल्यांनो, हा हुकूम सोडण्याआधी कॅलेंडर बघा.

माढ्याचा ऊसवाला रात्री मोबाईलवर जाहिरात दाबतो, नंबर टाकतो आणि मग कुठे घरात विषय निघतो. थोरल्या भावाचा होकार, बँकेचं प्रकरण, सातबारा, जुन्या ट्रॅक्टरची किंमत, कारखान्याचं बिल. यात महिना-दीड महिना सहज जातो. मेटावर मात्र जाहिरात दाबल्यापासून सात दिवसांतलीच विक्री तिच्या खात्यावर धरण्याचं सेटिंग आधीपासून लावलेलं असतं. गूगलवर ही मुदत तीस दिवसांची असते.

2025चा सप्टेंबर आठवा. 3 तारखेला जाहीर झालं की ट्रॅक्टरवरचा जीएसटी 22 तारखेपासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर येणार. सात लाखांच्या मूळ किमतीवर 49 हजार वाचणार असतील तर आदल्या आठवड्यात कोण घेईल? त्यात 7 ते 21 पितृपक्ष. समजा, एकाने 25 ऑगस्टला जाहिरात दाबली आणि दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, ट्रॅक्टर नेला. दिवस झाले 38. शोरूमने विक्री इमानदारीने अपलोड केली तरी दोन्हीकडे त्या जाहिरातीपुढे शून्यच. वर दसऱ्याच्या सकाळी त्याने पत्त्यासाठी शोरूमचं नाव गूगलवर शोधून वरची जाहिरात दाबली असेल, तर बहुतेक श्रेय तिच्या पदरात.

गूगलवर मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती पुढच्या हिशेबाला लागू होते, मागच्या नाही. म्हणून सणाच्या आधीच वाढवा. शिवाय गूगलच्या नेहमीच्या तक्त्यात विक्री जाहिरात दाबल्याच्या तारखेला चढते. म्हणजे दसऱ्याची विक्री ऑगस्टच्या ओळीत जाते आणि ताजे आठवडे कायम रिकामे दिसतात. ते बघून जाहिरात बंद करणं म्हणजे उगवायच्या आत पीक मोडणं.

खरा उपाय काउंटरवरच्या वहीत आहे. प्रत्येक बुकिंगसमोर त्या फोन नंबरची पहिली चौकशी कधीची, ते लिहा. वर्षभराच्या नोंदींत चारातली तीन बुकिंग किती दिवसांत झाली ते काढा. ते 45 दिवस निघाले, तर 45 दिवसांपेक्षा ताज्या चौकशांवरून जाहिरातीचा निकाल लावूच नका.

मुदत लांबवली की उलटा धोकाही येतो. जो असाही येणारच होता, तोही जाहिरातीच्या नावावर चढतो. तो ओळखायचा तर साधारण सारख्या विक्रीच्या दोन तालुक्यांपैकी एकात दोन महिने जाहिरात बंद ठेवा, दुसऱ्यात चालू ठेवा आणि दोन्हीकडची बुकिंग त्यापुढचे 45 दिवस मोजत राहा.