बिनसुतकी काका

रेवदंड्यात घरटी नारळ-सुपारीची वाडी असते आणि आळीत एक तरी बिनसुतकी काका असतो. लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना नवऱ्याची आजी गेली, तर घरचे दहा दिवस सुतकात. मंगल कार्यालयाची पायरी चढणार कोण? भाऊबंदही त्याच सुतकात. मग शेजारचे, दुसऱ्या कुळातले काका चपला घालतात.

आमच्या आळीतल्या अशाच एका लग्नात साठ हजार भाड्यापैकी पंचवीस हजार ॲडव्हान्स दिलेला. काका स्मशानातून आले, अंघोळ केली आणि तडक कागद घेऊन बसले. "रडायला माणसं आहेत. तारीख रद्द केल्याचं पत्र आजच गेलं पाहिजे." पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर मॅनेजरची पोच घेतली, तारखेसकट. वैशाखात मुहूर्त शोधत फिरणारे पुष्कळ असतात, त्यामुळे हॉल लवकर सुटला तर दुसरं गिऱ्हाईक मिळतं, हे काकांचं गणित.

मॅनेजरने पावती उलटी करून दाखवली. 'कोणत्याही कारणास्तव अनामत परत मिळणार नाही.' वर उदारपणे म्हणाला, "सहा महिन्यांत दुसरी तारीख घ्या."

"सहा महिन्यांतले चार चातुर्मासात जातात. गणपतीत लावू लग्न?"

एवढं बोलून काका परत आले. आम्हाला वाटलं, हरले. छे! ठरलेल्या तारखेला इस्त्रीचा सदरा घालून ते त्याच कार्यालयात हजर. दारात तोरण, आत कुणाची तरी मुंज. बटूला आशीर्वाद दिला, पंगतीत बसले, मठ्ठा दोनदा मागितला आणि निमंत्रणपत्रिका खिशात घालून बाहेर पडले. पुरावा गोळा करायची इतकी चविष्ट पद्धत मी दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रिका मॅनेजरच्या टेबलावर. "तारीख तुम्ही पुन्हा विकलीत. आता तुमचं नुकसान सांगा."

"पण अट छापलेली आहे, काका."

"छापा हो. 1872च्या करार कायद्याचं कलम 74 वाचा. करार मोडला तरी भरपाई वाजवीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली फतेहचंदच्या खटल्यात तेच सांगितलं. हॉल रिकामा राहिला असता, तर मीच तुमच्या बाजूने बोललो असतो." हे शेवटचं वाक्य खरं होतं. रिकाम्या हॉलसाठी काका भांडत नाहीत. तिथे थोडंफार सोडवून घेतात आणि गप्प बसतात.

मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "अलिबागला ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. एसटीचं तिकीट तेवढं पडेल."

मॅनेजर मालकाशी फोनवर बोलला. नव्या गिऱ्हाइकाला भाड्यात दोन हजारांची सूट द्यावी लागली होती, म्हणे. काकांनी त्या मुंजीची पावती मागवली, चष्मा लावून आकडा पाहिला आणि मान हलवली. चेक तेवीस हजारांचा निघाला, ज्याच्या नावची पावती त्याच्याच नावे.

"कापलेल्या दोन हजारांचीही पावती करा," काका म्हणाले आणि खुर्चीत नीट टेकून बसले.