वीस टक्के स्वस्त, पाच महिने लांब

२०२१ मध्ये बांगलादेशात स्वेटर वीस टक्क्यांनी स्वस्त पडत होता. मग तिथलं काम कमी करून ते इजिप्तला कोण नेईल?

बेनेटनने नेलं. या इटालियन कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मासिमो रेनॉन यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगून टाकलं की, २०२२ च्या अखेरीपासून आशियातलं उत्पादन निम्म्यावर येईल. सर्बिया, क्रोएशिया, तुर्कस्तान, ट्युनिशिया आणि इजिप्तमधलं वाढेल. बांगलादेश आणि व्हिएतनाममध्ये खर्च अजूनही वीस टक्के कमी आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणजे स्वस्त काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

बातमी मात्र कंटेनरच्या भाड्याची झाली. बाराशे-पंधराशे डॉलरचा कंटेनर दहा-पंधरा हजारांवर गेला होता. एका कंटेनरात दहा हजार स्वेटर धरा. नगामागे पंधरा सेंटचं भाडं दीड डॉलरपर्यंत चढलं. दणका मोठाच.

पण चढलेलं भाडं उतरतं. २०२३ मध्ये ते कोरोनाआधीच्या पातळीजवळ आलंच. नुसत्या भाड्यापायी कारखाना हलवला असेल, तर मग काय, परत ढाका गाठायचा?

रेनॉन यांनी आणखी एक आकडा दिला होता आणि महत्त्वाचा तोच होता. आशियातून माल यायला चार-पाच महिने, इजिप्तमधून दोन-अडीच.

आता हिशेब करू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. ढाक्याचा स्वेटर आठ युरोला, इजिप्तचा दहाला. दुकानात किंमत तीस, सेलमध्ये पंधरा. शंभर नग घेतले तर ढाक्यात दोनशे युरो वाचले. खरेदी विभाग खूश.

पण पाच महिने आधी कुठला रंग खपेल हे कोण छातीठोक सांगणार? समजा, सत्तर पूर्ण किमतीला गेले आणि तीस सेलमध्ये. इजिप्तमधून उशिरा मागवल्यामुळे अंदाज सुधारला आणि पंचाऐंशी पूर्ण किमतीला गेले. पंधरा नगांवर पंधरा-पंधरा युरो जास्त मिळाले. सव्वादोनशे.

दोनशेची बचत तिथेच संपली.

शंभरात चौदा नग सेलमधून वाचले की महाग मजुरी परवडते. हे दिसत का नाही? मजुरीतली बचत खरेदीच्या खात्यात दिसते, सेलचा तोटा दुकानाच्या खात्यात पडतो. दोन्ही खाती शेजारी ठेवून बघा. चौदापेक्षा कमी वाचत असतील, तर ढाका सोडू नका.

पांढरा साधा टी-शर्ट आणि मोजे यांची फॅशन बदलत नाही. उरला माल पुढच्या वर्षी विकता येतो. तो दूरच शिवून घ्यावा. झाराही साधा माल आशियातून घेते आणि फॅशनचा बराचसा माल स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तानातून. सगळाच धंदा जवळ आणा म्हणणाऱ्याने आधी आपला माल वेगळा लावून बघावा.

दुसरी मेख सुताची. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि आशियातून युरोपला निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-चौदा दिवस जादा. इजिप्तच्या भूमध्य किनाऱ्यावरून निघालेल्या कपड्याला तो समुद्र लागतच नाही. पण सूत आशियातून येत असेल तर?

मग शिलाई जवळ आली, वाट पाहणं तेवढंच राहिलं. पुरवठादाराला पहिला प्रश्न मजुरीचा नको. सूत कुणाच्या गोदामात पडून आहे, हे विचारा.

गंमत म्हणजे रंग आधीच ठरवावा लागण्याच्या अडचणीचं उत्तर बेनेटननेच पन्नासेक वर्षांपूर्वी शोधलं होतं. स्वेटर बिनरंगी विणून ठेवायचे. कुठला रंग खपतोय ते दुकानातून कळलं की मग रंगवायचे. विणायला वेळ लागतो, रंगवायला कमी. अंदाज जितका उशिरा, तितका खरा.

तरी २०२३ मध्ये बेनेटनला सुमारे २३ कोटी युरोंचा तोटा झाला. कारखाना जवळ आणल्याने उरलेला माल कमी होतो. दुकानात गिऱ्हाईक मात्र येत नाही. ते काम डिझाइनचं आणि किमतीचं.

आणि काही कंपन्या तर जवळ येऊनही जुनीच चाल चालतात. हंगामाचा सगळा माल पाच महिने आधीच एका दमात मागवून ठेवतात. मजुरी इजिप्तची मोजली, अंदाज ढाक्याचाच लावला. शंभरातले साठ आधी मागवावेत, बाकी चाळीसांसाठी सूत आणि यंत्रांचा वेळ राखून ठेवावा. रंग सांगायचा तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांची विक्री हातात आल्यावर. अडीच महिन्यांत हे जेमतेम बसतं. पाच महिन्यांत तो माल येईपर्यंत हिवाळा उलटलेला असतो.